अंतर असलं तरी

कॅप्शन लिहायला मी संध्याकाळी सात वाजता बसलो. पोस्ट साडेसातला करायची होती, कारण ड्रेस्डेनमध्ये फेब्रुवारीत साडेसात वाजतात तेव्हा कराडमध्ये रात्रीचे बारा झालेले असतात. आईबाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. इथे खिडकीबाहेर आदल्या दिवसाचीच संध्याकाळ, खाली ट्रामच्या रुळांवर मळकट बर्फ, आणि मी उद्याच्या तारखेच्या शुभेच्छा लिहितोय.

फोटो धाकट्या बहिणीने पाठवला होता. फेब्रुवारी २००१ चा, अल्बममधल्या प्रिंटवर मोबाइल धरून काढलेला, त्यामुळे एका कोपऱ्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. अंतरपाट नुकताच बाजूला ओढलाय. तो धरणारे दोन हात कोपरापर्यंतच फ्रेममध्ये आहेत. आईची मान खाली, मुंडावळ्या एका बाजूला सरकलेल्या. बाबा आईकडे न बघता भटजींकडे बघतायत, पुढे काय करायचं ते विचारत असल्यासारखे.

पहिला मसुदा पाच मिनिटांत झाला. ‘हॅपी सिल्व्हर ज्युबिली, आईबाबा! हजारो किलोमीटरचं अंतर असलं तरी मी कायम तुमच्यासोबत आहे. तुमच्यासारखी परफेक्ट जोडी मी पाहिली नाही. तुम्ही माझ्यासाठी केलेल्या त्यागाची परतफेड या जन्मात शक्य नाही.’ पुढे लाल बदाम, विमान, लाल बदाम. तुमच्यापैकी जे कोणी घरापासून लांब असतील त्यांनी यातलं किमान एक वाक्य कधीतरी लिहिलेलं असणार. मीही आधी लिहिलंय, दोन वाढदिवसांना.

या वेळी बोट ‘कायम तुमच्यासोबत आहे’वर थांबलं.

कारण नोव्हेंबर. नोव्हेंबरमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि मला ती चार दिवसांनी कळली. त्या चार दिवसांत माझं घरी दोनदा बोलणं झालं होतं. आई म्हणाली, बाबा कारखान्यात आहेत, हंगाम सुरू झालाय, उशीर होतो. बाबा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहेत, गळीत हंगामात पाळ्या असतात, त्यामुळे मला काहीच वावगं वाटलं नाही. घरी आणल्यावर बहिणीने सांगितलं. सगळं व्यवस्थित झालं होतं, एक स्टेंट, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पथ्य. पण तो बुधवार, जेव्हा त्यांना आत नेलं, तेव्हा मी मेन्साच्या रांगेत उभा राहून आज बटाटे कोणत्या प्रकारचे आहेत ते बघत होतो. तीन महिन्यांनी मी लिहितोय की मी कायम सोबत आहे. हे वाक्य खोटं आहे का? आणि खोटं असेल तर इतक्या प्रेमाने लिहिताना ते खोटं कसं काय होतं?

एक शंका आधीच बाजूला सारतो. ‘प्रेम आहे तर फोन कर ना, जगाला कशाला दाखवतोस?’ हा आक्षेप मला पटत नाही. आपल्याकडे प्रेम चारचौघांत आणि ठरलेल्या शब्दांत बोलण्याची रीत इन्स्टाग्रामपेक्षा फार जुनी आहे. आईने लग्नात उखाणा घेतला तो तिने रचलेला नव्हता, एका पुस्तिकेतून पाठ केला होता आणि बाबांचं नाव तेवढं बसवलं होतं. मांडवातल्या सगळ्यांना तो ऐकू जावा हाच त्यातला मुद्दा होता. कोणी तिला दिखाऊ म्हटलं नाही. उद्या हॉलवर मावश्या, काका, कारखान्याच्या कॉलनीतली माणसं एकमेकांच्या मोबाइलमध्ये माझी पोस्ट बघणार, ‘पोरानं बघा काय लिहिलंय’ म्हणणार, आणि बाबा न ऐकल्यासारखं करून ऐकणार. त्यांना तो मान मिळाला तर मला हवाच आहे. तेव्हा उसन्या ओळी किंवा चारचौघांत बोलणं याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्या एका ‘तरी’ला.

मराठीत अंतर नुसतं असत नाही. अंतर पडतं. अंतर ठेवलं जातं. आणि अंतर दिलं जातं. ‘मला अंतर देऊ नकोस’ असं जुनी माणसं म्हणतात तेव्हा ती किलोमीटरबद्दल बोलत नसतात. मला टाकू नकोस, असं म्हणत असतात. शेजारच्या खोलीतल्या माणसालाही अंतर देता येतं. या तिन्ही क्रियापदांना कर्ता लागतो किंवा निदान कारण लागतं. ‘अंतर असलं तरी’ म्हटलं की कर्ता गायब होतो. अंतर म्हणजे जणू पाऊस. पाऊस असला तरी मी आलो, तसं अंतर असलं तरी मी प्रेम करतो. कोणी आणलं ते, हा प्रश्नच उरत नाही.

आमच्या घरातल्या अंतराची तर पावती आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात जर्मन व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,२०८ युरो भरून दाखवावे लागत होते. वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच गोठवून ठेवायचे, इथे आल्यावर दरमहा ९३४ मिळत राहतात. तेव्हाच्या दराने साधारण दहा लाख रुपये. त्यातले सहा माझ्या शैक्षणिक कर्जातून आले आणि चार बाबांची एफडी मोडून. ही एफडी आईबाबांनी कशासाठी ठेवली होती ते मी विचारलं नाही. बहिणीच्या म्हणण्यानुसार रिटायर झाल्यावर वरचा मजला बांधायचा होता. म्हणजे हे अंतर आम्ही तिघांनी मिळून, फॉर्म भरून, सह्या करून विकत घेतलं. त्याला ‘असलं तरी’ कसं म्हणायचं?

आणि आणखी एक गोष्ट आहे, जी मी ही पोस्ट लिहीपर्यंत स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. मला जाता आलं असतं. माझा पहिला पेपर नऊ दिवसांनी होता. फ्रँकफर्ट-मुंबई जाऊन-येऊन तिकीट साठ हजारांच्या आसपास दिसत होतं. चार दिवस जाऊन परत येणं थकवणारं होतं, अशक्य नव्हतं. मागच्या ईस्टरला मी मित्रांबरोबर पाच दिवस इटलीला गेलो, तो खर्च वाचवला असता तर निम्मं तिकीट निघालं असतं. घरी मी ‘परीक्षा आहे’ एवढंच सांगितलं. आई म्हणाली, ‘अरे, आम्ही काय लहान आहोत का, अभ्यास कर तू.’ तिने मला सोडवलं आणि मी सुटलो.

आता परतफेडीचं वाक्य. आईवडिलांचं आपण काय देणं लागतो यावर जेन इंग्लिश या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंचा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा निबंध आहे. त्या म्हणतात, मोठी झालेली मुलं आईवडिलांचं काहीच ‘देणं’ लागत नाहीत. कर्ज तिथे असतं जिथे कोणी आपल्याकडे उपकार मागितला आणि दुसऱ्याने केला. मुलाने जन्म मागितलेला नसतो, संगोपनही मागितलेलं नसतं. मोठी मुलं आईवडिलांसाठी जे करतात, आणि त्यांनी करायलाही हवं, ते मैत्रीतून. मैत्रीत हिशेब नसतो. तू मला दोनदा जेवायला बोलावलंस म्हणून मीही दोनदाच बोलवीन, असं मित्र म्हणत नाहीत. एकाला गरज असते, दुसऱ्याला जमतं, एवढं पुरतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं. चार लाखांचं ओझं एका निबंधात उतरलं. पण आपल्याकडच्या पितृऋणाच्या कल्पनेला हे कळतच नाही. तिथे जन्मतःच ऋण असतं, मागितलं होतं का, हा प्रश्नच गैरलागू. गंमत म्हणजे ते ऋण आईवडिलांना परत करून फिटत नाही, आपल्याला मुलं झाली की फिटतं. म्हणजे पैसे पुढच्या काउंटरवर भरायचे. (चोवीस वर्षांच्या अविवाहित विद्यार्थ्याला याचा सध्या काही उपयोग नाही.) ॲरिस्टॉटलचं मत तिसरंच: वडिलांनी दिलेलं मुलाला कधीच पूर्ण फेडता येत नाही, म्हणून मुलगा वडिलांशी नातं तोडू शकत नाही. माझ्या पहिल्या मसुद्यातलं ‘या जन्मात शक्य नाही’ हे वाक्य नकळत ॲरिस्टॉटलचं होतं, आणि त्यात एक सोयही होती. जे कर्ज फिटूच शकत नाही त्याचा हप्ताही भरावा लागत नाही.

तेव्हा मला अजूनही जेन इंग्लिशचीच बाजू बरोबर वाटते, पण तिची किंमत मी आधी लक्षात घेतली नव्हती. आमचं नातं सावकार आणि ऋणकोचं असेल तर नोव्हेंबरमध्ये काही बिघडलं नाही. सावकार आपल्या छातीत दुखल्याचं ऋणकोला कशाला सांगेल? पण ते मैत्रीसारखं असेल तर चार दिवस लपवणं टोचतं. मित्र सांगतो. आणि मी तरी कुठे सांगतो? मागच्या सेमिस्टरला मी एका विषयात नापास झालो, हे घरी माहीत नव्हतं. इंटर्नशिपसाठी आलेले नकार माहीत नव्हते. डिसेंबरात सलग तीन रविवार मी खोलीबाहेर पडलो नाही, हे माहीत नव्हतं. ते मला काळजी नको म्हणून सांगत नाहीत, मी त्यांना काळजी नको म्हणून सांगत नाही. दोन्ही बाजूंनी प्रेमच आहे, यात मला शंका नाही. पण दोन्ही बाजूंनी अंतर ठेवलं जातंय, आणि ते साडेसहा हजार किलोमीटरमध्ये मोजलेलं नाही.

ॲरिस्टॉटलकडे परत जातो, कारण नेमक्या या विषयावर त्याचं एक निरीक्षण आहे. ‘निकोमाखियन एथिक्स’च्या आठव्या भागात तो म्हणतो की लांब गेल्याने मैत्री संपत नाही, थांबतं ते मैत्रीचं काम. तो झोपलेल्या माणसाचं उदाहरण देतो. झोपेतही आपण कोणाचे तरी मित्र असतोच, पण झोपेत आपण मैत्री ‘करत’ नसतो. लांब असलेल्या माणसाचं तसंच. वृत्ती शाबूत, कृती बंद. आणि हा बंद काळ लांबला की वृत्तीही विसरली जाते. त्याच्या मते मित्रांचं खरं काम म्हणजे एकत्र राहणं, त्यामुळे लांबच्या माणसाला तो फार आशा देत नाही.

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. ॲरिस्टॉटल खरा असेल तर मला लिहिता येण्यासारखं एकच वाक्य उरत होतं: आईबाबा, माझं प्रेम झोपलंय, पण जिवंत आहे. अशी कॅप्शन कोणी देत नाही.

तेवढ्यात बहिणीचा मेसेज आला. ‘दादा, अल्बमच्या डब्यात हे पण सापडलं.’ खाली तीन फोटो. निळी आंतरदेशीय पत्रं, बाबांच्या अक्षरात.

पत्रं कसली, ते मला माहीत होतं आणि नव्हतंही. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. लग्न झालं तेव्हा तिची नेमणूक पाटण तालुक्यातल्या एका आतल्या गावात होती आणि बाबा कराडजवळ कारखान्याच्या कॉलनीत. बदली व्हायला चार वर्षं लागली. तोवर बाबा रविवारी जायचे, हंगामात तेही जमायचं नाही. लग्नाला कारखान्याने ऐन हंगामात चारच दिवसांची रजा दिली होती, ही गोष्ट आमच्याकडे विनोद म्हणून सांगितली जाते. २००२ च्या जानेवारीत मी झालो आणि पहिली अडीच वर्षं तिथेच, आईजवळ होतो. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण ‘आईची बदली झाली तेव्हाची गोष्ट’ म्हणून. यांनी लग्नाची पहिली चार वर्षं अंतरावर काढली, असं मी त्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. पंचवीसमधली चार.

पत्रांत मला प्रेमाचं काहीतरी सापडेल असं वाटलं. एकही शब्द नाही. एका पत्रात गॅसचा नंबर लावलाय आणि सिलिंडर कधी येईल ते. दुसऱ्यात आईच्या खोलीच्या कौलांबद्दल मालकाशी बोलतो, तू बोलू नकोस, मी रविवारी आलो की बघतो. तिसऱ्यात बाळाच्या डोसची तारीख, आणि शेवटी: शनिवारी रात्रपाळी बदलून मागितली आहे, मिळाली तर शेवटच्या एसटीने येतो, साडेनऊपर्यंत आलो नाही तर मिळाली नाही असं समज आणि कडी लावून घे.

ही ओळ मी बऱ्याच वेळा वाचली. ‘कायम तुझ्यासोबत आहे’च्या बरोबर उलट ती आहे. तिच्यात कायम काहीच नाही. शनिवार आहे, साडेनऊ आहे, आणि आपण येऊ शकणार नाही याची शक्यता आहे. पण त्या रात्री साडेनऊ वाजता ती खरी ठरली किंवा खोटी ठरली हे आईला कळणार होतं. आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ते मला नेहमी शुभ-अशुभाचं वाटायचं. या पत्रात ते अक्षरशः वापरलेलं आहे. ‘येतो’ म्हणजे कधी, कोणत्या गाडीने, आणि नाही आलो तर तू काय करायचंस.

ॲरिस्टॉटलला इथे एवढंच सांगावंसं वाटतं की लांबून काम बंद पडतं हे खरं नाही. काम चालू राहतं, ते बारीक आणि कंटाळवाणं होतं. कौलं, सिलिंडर, डोसची तारीख. चुकलं तर दिसतं, म्हणून ते काम. ‘कायम सोबत आहे’ कधीच चुकत नाही. मी इटलीत असलो तरी ते बरोबर, मेन्साच्या रांगेत असलो तरी बरोबर.

साडेसातला पाच मिनिटं कमी असताना मी मसुदा पुसला. ‘परफेक्ट जोडी’ही गेली. आमच्याकडे एकदा दीड महिना अबोला होता, मी नववीत होतो, त्या काळात मी निरोप्या होतो. ते इथे लिहायचं काही कारण नाही, तो त्यांचा दीड महिना आहे. पण त्याच्यावर परफेक्टचा रंगही मारायचा नव्हता. ‘मला जाता आलं असतं, गेलो नाही’ हेही लिहून पाहिलं. खरं होतं, पण त्यांच्या दिवशी हॉलमधल्या सगळ्यांनी माझी अपराधाची भावना का वाचावी? पहिल्या मसुद्यातही मीच होतो: माझ्यासाठी त्याग, माझी परतफेड, माझी सोबत. लग्न त्यांचं. पंचवीस वर्षांतली पहिली अकरा महिने तर मी नव्हतोच.

शेवटी हे गेलं: ‘फेब्रुवारी २००१. रजा चार दिवस. मग चार वर्षं रविवारच्या एसट्या. मग एक घर. आई, बाबा, अंतरपाट बाजूला झाल्यावरही तुम्ही अंतर पाहिलंत, आणि एकमेकांना दिलं नाहीत. पंचविसाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, तुमच्या लग्नाला.’ ‘more’ दाबावं लागू नये इतकी छोटी करायची होती, जमलं नाही. एका मित्राची कमेंट आली, ‘इमोशनल केलंस भावा’, आणि एका मावशीने विचारलं, एसट्या म्हणजे काय रे?

फोन मी भारतात सकाळचे साडेसहा वाजल्यावर केला, म्हणजे माझ्या रात्री दोनला. बाबांनी उचलला. पोस्ट आवडली की नाही ते बोलले नाहीत. म्हणाले, ‘ती पत्रं कोणी काढली?’ मग नेहमीप्रमाणे, पेपर कधी आहे. मी तारीख सांगितली आणि म्हणालो, ‘बाबा, त्यातला एक पुन्हा देतोय. मागच्या वेळी नापास झालो होतो.’ ते थोडा वेळ गप्प होते. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

‘किती मार्कांनी?’

मी सांगितलं.

‘बरं,’ ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, ‘माझी एक गोळी वाढवलीय. पंधरा दिवस झाले. बीपी वर जात होतं.’

‘मला का नाही सांगितलंत?’

‘तुझ्या आईने सांगितलं होतं, परीक्षा होईपर्यंत त्याला सांगू नका म्हणून.’

‘मग आता?’

‘आता तिला सांगू नकोस, मी सांगितलं म्हणून,’ बाबा म्हणाले, आणि फोन तिच्याकडे दिला.